धागा: दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फिरते, तेव्हा मासिक ऑर्डरींतून कल आणि हंगाम वेगळे कसे काढावेत?

मेतकूट

आमचा नाशिकमध्ये घरगुती मसाले, भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ पाठवण्याचा व्यवसाय आहे. स्वयंपाकघर आई आणि वहिनी सांभाळतात, हिशेब आणि संकेतस्थळ माझ्याकडे आहे. जानेवारी 2021 ते डिसेंबर 2025 अशा साठ महिन्यांची ऑर्डरसंख्या माझ्याकडे आहे आणि तिच्यातून मला दीर्घकालीन कल, दरवर्षीचा हंगामी नमुना आणि उरलेला अनियमित भाग असे तीन भाग वेगळे करायचे आहेत. मी पुढीलप्रमाणे केले.

```python
import numpy as np
from statsmodels.tsa.seasonal import STL
res = STL(np.log(y), period=12).fit()
res.plot()
```

एप्रिल-मे महिन्यांतला मसाल्याचा चढ व्यवस्थित दिसतो. अडचण दिवाळीची आहे. अनियमित भागात ऑक्टोबर 2023 खोल खाली गेला आहे आणि नोव्हेंबर 2023 तितकाच वर उसळला आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या क्रमाने आकडे असे आहेत:

2021: 312, 931, 371
2022: 418, 987, 392
2023: 386, 757, 845
2024: 437, 1294, 482
2025: 603, 1241, 527

ऑक्टोबर 2023 मध्ये ऑर्डरी आदल्या ऑक्टोबरपेक्षा 23 टक्क्यांनी कमी दिसल्या, तेव्हा मागणी घटली असे समजून आम्ही खोक्यांची दुसरी खेप रद्द केली, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात चकल्या तयार असूनही त्या पाठवायला खोकी नव्हती. त्या वर्षी दिवाळी उशिरा होती हे घरात प्रत्येकाला ठाऊक होते. आलेखाला मात्र ते ठाऊक नव्हते. आता ऑक्टोबर 2025 चा आकडा 2024 पेक्षा कमी आहे. ही खरी घट आहे, की पुन्हा तोच प्रकार?

कोष्टक

आपण लॉग घेतला आहे हे योग्यच आहे, कारण धंदा वाढतो तसा दिवाळीचा चढही त्या प्रमाणात वाढतो आणि लॉग घेतल्याने ते प्रमाण स्थिर राहते. राहिला 2023 चा प्रश्न. `STL(np.log(y), period=12, robust=True)` असे करून पाहा. त्यामुळे फार विचित्र महिन्यांचे वजन कमी होते आणि हंगामी नमुना त्यांच्या मागे ओढला जात नाही. हे केल्यास आपली अडचण संपेल असे मला वाटते.

हापूसवाला

माझा प्रश्न याच्याशी जुळतो म्हणून इथेच विचारतो. आम्ही देवगडहून आंब्याच्या पेट्या पाठवतो. मार्च ते जून सोडल्यास ऑर्डरी शून्य असतात. लॉग घेतला की शून्याच्या जागी उणे अनंत येते, म्हणून मी सगळ्या आकड्यांत एक मिळवून लॉग घेतला, तर हंगामी नमुना अगदीच हास्यास्पद आला. काय चुकले असावे?

पंचांगप्रेमी

मूळ चूक इंग्रजी महिने वापरण्यात आहे. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येलाच असते आणि ते कधीही हलत नाही. हलतो तो ऑक्टोबर. रोजच्या ऑर्डरी चैत्र, वैशाख, ज्येष्ठ अशा महिन्यांत मोजा, दिवाळी दरवर्षी त्याच घरात बसेल. आपल्या सणांचे गणित आपल्याच कालगणनेत करावे, एवढे साधे आहे.

जुनी_वही

मी काही वर्षे एका कंपनीत मागणीचे अंदाज बांधण्याचे काम केले आहे, त्यामुळे हा प्रकार परिचयाचा आहे. आधी वरच्या तिन्ही प्रतिसादांविषयी लिहिते.

हापूसवाले, ज्या मालिकेतले आठ महिने शून्य आहेत तिचे असे विघटन करूच नये. कल म्हणजे बारा महिन्यांची सरासरी पातळी, आणि हंगामी घटक त्या पातळीच्या पट सांगतो. शून्याला कोणत्याही पातळीच्या पटीत अर्थपूर्ण बसवता येत नाही. एक मिळवल्याने शून्य आणि पाच यांमधला फरक लॉगमध्ये अवाढव्य होतो, आणि तेच आपल्याला दिसले. आपण हंगामाची एकूण संख्या वर्षागणिक पाहा आणि हंगामाच्या आतला आकार आठवड्यांच्या वाट्यांनी वेगळा पाहा.

पंचांगप्रेमी यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. चांद्र महिन्यांत दिवाळी जागेवर बसेल, पण मेतकूट यांचा मसाल्याचा हंगाम उन्हाशी बांधलेला आहे, आणि मिरची वाळवायचे ऊन तिथी पाहत नाही. एक हंगाम स्थिर करताना दुसरा हलता होईल. शिवाय अधिक महिना आला की वर्ष तेरा महिन्यांचे होते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. `period=12` हे गृहीतकच तिथे मोडते.

`robust=True` विषयी सांगायचे, तर त्याने आलेख सुधारेल आणि समज बिघडेल. ती पद्धत 2023 ला अपवाद ठरवून बाजूला सारते. पण 2023 मध्ये काहीही अपवादात्मक घडलेले नाही. लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, एवढेच. 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे. ज्या वर्षाकडून शिकायचे, त्यालाच आपण वर्गाबाहेर काढत आहोत.

आता मूळ दुखणे पाहू. `STL` ऐवजी हाताने करता येणारी जुनी पद्धत घेते, कारण तिच्यात चूक कुठे शिरते ते डोळ्यांना दिसते. बारा महिन्यांची मध्यस्थ चलसरासरी काढा आणि प्रत्येक महिन्याच्या आकड्याला तिने भागा. मेतकूट, आपल्या ऑक्टोबरांच्या चलसरासऱ्या द्याल का?

मेतकूट

ऑक्टोबर 2021 ते 2024 यांच्या चलसरासऱ्या अंदाजे 410, 455, 505 आणि 560 येतात. नोव्हेंबरसाठीही जवळपास त्याच आहेत. सप्टेंबरच्या पाचेकाने कमी आहेत. 2025 ची मात्र जूनपर्यंतच निघते.

जुनी_वही

ठीक. ऑक्टोबरचे भागाकार अनुक्रमे 2.27, 2.17, 1.50 आणि 2.31 येतात, नोव्हेंबरचे 0.90, 0.86, 1.67 आणि 0.86. नेहमीची पद्धत यांची सरासरी घेते, म्हणजे ऑक्टोबरचा हंगामी गुणांक 2.06 आणि नोव्हेंबरचा 1.07.

हे दोन आकडे नीट पाहावेत. नोव्हेंबर साधारण महिन्यापेक्षा सात टक्के चांगला असतो असे पद्धत सांगते, पण चारांपैकी एकाही वर्षी तो तसा नव्हता. तीन वर्षे तो सरासरीच्या खाली होता आणि एका वर्षी फार वर होता. ही सरासरी कोणत्याच वर्षाची नाही. त्यामुळे बिघाड 2023 पुरता राहत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सारे सुरळीत असतानाही अनियमित भागात वीस टक्क्यांची घट दिसते, कारण 0.86 ला 1.07 ने भागले की 0.80 येतात. दर नोव्हेंबरला कोणीतरी या न घडलेल्या घटीचे कारण शोधत बसणार.

याहून लबाड चूक कलात शिरते, आणि ती दिवाळीपासून फार दूर दिसते. एप्रिल 2023 ची मध्यस्थ सरासरी दोन्ही टोकांचे ऑक्टोबर अर्धे-अर्धे घेते आणि मधला नोव्हेंबर पूर्ण. म्हणजे 2022 च्या ऑक्टोबरातली अर्धी दिवाळी आणि 2023 च्या अर्धवट ऑक्टोबराचा अर्धा भाग, वर दिवाळीविरहित नोव्हेंबर, मिळून 1264. एप्रिल 2024 मध्ये तोच हिशेब 1870 येतो, कारण मधे दिवाळीने फुगलेला नोव्हेंबर 2023 आहे. फरक 606, बाराने भागला की महिन्याला सुमारे 50 ऑर्डरींची वाढ. प्रत्यक्षात दोन्ही महिन्यांच्या बेरजेतली वाढ पाहिली तर त्यातल्या जेमतेम 17 खऱ्या आहेत. उरलेल्या 33 केवळ पंचांगाच्या.

मेतकूट

हे वाचून मी कपाळावर हात मारला. 2024 च्या उन्हाळ्यापूर्वी आम्ही नवे लेबल लावले होते, आणि त्या चढाचे श्रेय गेली दीड वर्षे त्या लेबलाला देत आहोत.

साखरपोळी

ताई, नोव्हेंबरमध्ये ऑर्डरी कमी येत असतील तर फराळाऐवजी डिंकाचे लाडू पुढे आणावेत. थंडी सुरू झालेली असते, आमच्याकडे ते उत्तम खपतात.

मेतकूट

धन्यवाद, लाडू आम्ही करतोच. पण माझा प्रश्न नोव्हेंबर वाढवण्याचा नसून तो खरोखर कमी आहे की नाही हे ओळखण्याचा आहे.

जुनी_वही ताई, मग करावे काय? आमच्याकडे रोजच्या ऑर्डरींची नोंद आहे. फराळाच्या ऑर्डरी आम्ही लक्ष्मीपूजनाच्या तीन दिवस आधीपर्यंत घेतो, आणि त्यांचा ओघ साधारण त्याआधीचे 24 दिवस असतो.

जुनी_वही

हीच माहिती हवी होती. आता प्रत्येक वर्षी ते 24 दिवस कोणत्या महिन्यात किती पडले ते मोजा. 2021 मध्ये लक्ष्मीपूजन 4 नोव्हेंबरला होते, म्हणून 23 दिवस ऑक्टोबरात आणि एक नोव्हेंबरात. 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला, म्हणून तीन दिवस सप्टेंबरात. 2023 मध्ये पंधरा ऑक्टोबरात आणि नऊ नोव्हेंबरात. 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला, म्हणून सगळेच्या सगळे ऑक्टोबरात. 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला, म्हणून सहा सप्टेंबरात आणि अठरा ऑक्टोबरात.

मात्र दिवस सारखे नसतात. शेवटच्या आठवड्यात गर्दी होते. म्हणून दिवसांच्या वाट्याऐवजी ऑर्डरींचा वाटा हवा. आपल्या रोजच्या नोंदींतून, नेहमीची विक्री वजा करून, पहिल्या सहा दिवसांत, मधल्या नऊ दिवसांत आणि शेवटच्या नऊ दिवसांत फराळाच्या किती टक्के ऑर्डरी येतात ते पाहा.

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या `X-13ARIMA-SEATS` या प्रणालीत ईस्टरसाठी नेमके हेच करतात, कारण ईस्टरही मार्च आणि एप्रिलमध्ये फिरतो. आणि इतर हलत्या सणांसाठी स्वतःचा स्तंभ देण्याची सोय त्यात आहे. आपल्याला एवढ्या जड साधनाची गरज नाही.

मेतकूट

2023 च्या नोंदींवरून केले. पहिल्या सहा दिवसांत सुमारे 15 टक्के, मधल्या नऊ दिवसांत 31 आणि शेवटच्या नऊ दिवसांत 54 टक्के. शेवटचे पाच दिवसच घेतले तर 32 टक्के. पहिले तीन दिवस मोजायचे तर 7-8 टक्के येतात.

जुनी_वही

मग कागद-पेन्सिल घ्या. समजा, भागाकार हा महिन्याचा फराळाविना असलेला पाया अधिक फराळाचा पूर्ण चढ गुणिले त्या महिन्याला मिळालेला वाटा, असा बनतो.

नोव्हेंबरपासून सुरुवात करू, कारण 2022 आणि 2024 मध्ये त्यात फराळाचा एकही दिवस नव्हता. म्हणजे त्याचा पाया थेट दिसतो: 0.86. 2023 मध्ये 54 टक्के वाटा आला आणि भागाकार 1.67 झाला. फरक 0.81, त्याला 0.54 ने भागले की पूर्ण चढ 1.5 येतो. म्हणजे आपली एक दिवाळी दीड सरासरी महिन्याइतकी अधिक विक्री देते.

ऑक्टोबर 2024 मध्ये पूर्ण चढ होता आणि भागाकार 2.31, म्हणून ऑक्टोबरचा पाया 0.81. आता या दोन आकड्यांनी ऑक्टोबर 2023 तपासू: 0.81 अधिक 1.5 च्या 46 टक्के, म्हणजे 1.50. प्रत्यक्षात 1.50 च आहे. ऑक्टोबर 2022 साठी 2.19 येतात, प्रत्यक्ष 2.17. ऑक्टोबर 2021 साठी सुमारे 2.23, प्रत्यक्ष 2.27. अनियमित भाग 27 टक्क्यांवरून एक-दोन टक्क्यांवर आला. इतका वेळ ज्याला आपण गोंगाट म्हणत होतो तो गोंगाट नव्हताच.

पुढे प्रत्येक महिन्याच्या आकड्यातून हा फराळाचा चढ आधी काढून घ्यावा, मग उरलेल्या मालिकेवर खुशाल `STL` चालवावे. चढ काढण्यासाठी वापरलेला कलही थोडा बिघडलेला होता, म्हणून नव्या कलाने एकदा पुन्हा हेच करावे. दुसऱ्या फेरीत आकडे फारसे हलत नाहीत.

कोष्टक

ताई, एक शंका नम्रपणे मांडतो. 54 टक्के हा वाटा 2023 च्याच रोजच्या नोंदींतून आला, आणि त्याच वाट्याने आपण 2023 चे महिने जुळवून दाखवले. तिथे जुळणी होणारच होती. तिला पुरावा म्हणता येईल का?

जुनी_वही

म्हणता येणार नाही. शंका रास्त आहे, मी ते आधीच लिहायला हवे होते. 2023 चे जुळणे बाजूला ठेवा. खरी परीक्षा 2025 ची, कारण त्या वर्षीचा कोणताही आकडा या गणितात वापरलेला नाही. सप्टेंबरचा पाया 2021, 2023 आणि 2024 वरून सुमारे 0.78 येतो. 2025 मध्ये सप्टेंबरला 15 टक्के वाटा, म्हणजे अपेक्षित भागाकार 1.00, ऑक्टोबरला 85 टक्के, म्हणजे 2.08, नोव्हेंबरला केवळ पाया, 0.86. कलाची पातळी 600 धरली तर 600, 1250 आणि 516 ऑर्डरी अपेक्षित होत्या. आल्या 603, 1241 आणि 527. पातळी मी निवडली हे खरे, पण एकच पातळी तिन्ही महिन्यांना बसते, हे आपोआप घडत नाही.

एक मर्यादा मात्र यातून सुटत नाही. पाचही वर्षांत असा एकही ऑक्टोबर नाही ज्यात फराळाचा मोठा वाटा नव्हता. त्यामुळे त्याचा 0.81 हा पाया आपण कधी पाहिलेला नाही, तो वजाबाकीने काढला आहे. अंदाजाला ते चालेल. पण ‘दिवाळी नसती तर ऑक्टोबर कसा गेला असता’ याचे उत्तर म्हणून तो आकडा कोणाला सांगू नका.

मेतकूट

म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की ऑक्टोबर 2025 ची घट खोटी आहे, कारण सहा दिवस सप्टेंबरकडे गेले. पण कलाची पातळी 560 वरून 600 झाली, म्हणजे वाढ सात टक्के, आणि आधीची प्रत्येक वर्षाची अकरा होती. तीन महिन्यांच्या नुसत्या बेरजाही तेच सांगतात: 1614, 1797, 1988, 2213, 2371. मी घट शोधत होतो ऑक्टोबरात, ती निघाली वाढीच्या वेगात.

कोष्टक

`STL` चा कल डिसेंबर 2025 पर्यंत रेषा काढून देतो. तिच्यातही वेग मंदावलेला दिसतो का?

जुनी_वही

दिसला तरी शेवटच्या सहा महिन्यांच्या रेषेवर फार विसंबू नये. चलसरासरी जूनला थांबते आणि तसे उघड सांगते. `STL` पुढेही रेषा काढते, पण तिथे तिच्या उजव्या बाजूला आकडे नसतात, आणि नवे महिने आले की ते टोक जागा बदलते. ऑक्टोबर 2025 ची मध्यस्थ सरासरी एप्रिल 2026 चा आकडा आल्याशिवाय निघणार नाही. शिवाय सात टक्क्यांचे कारण या गणितातून कळत नाही.

मेतकूट

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पूर आले. आमच्या फराळाच्या बऱ्याच ऑर्डरी त्या पट्ट्यातून येतात, आणि नेमका तोच फराळाचा पहिला आठवडा होता. कदाचित तेवढ्यापुरतेच असेल.

जुनी_वही

असेल. पण पहिल्या सहा दिवसांचा वाटा तर सप्टेंबरमध्ये अपेक्षेइतकाच आला आहे, त्यामुळे नुसत्या पुरावर बोट ठेवायला मी कचरेन. पिनकोडप्रमाणे वेगळे करून पाहा. त्या पट्ट्याबाहेरही वाढ सातच टक्के निघाली, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

पंचांगप्रेमी

वाचतो आहे. आमचे पंचांग शेवटी कामाला आलेच, फक्त स्तंभाच्या रूपाने. गणपतीचे काय? 2022 आणि 2025 मध्ये गणेश चतुर्थी ऑगस्टअखेरीस होती, 2023 मध्ये 19 सप्टेंबरला.

मेतकूट

गणपतीत आमच्याकडे विशेष काही खपत नाही, मोदकाचे पीठ आम्ही ठेवत नाही. तो स्तंभ घालून पाहिला, फरक पडला नाही.

2026 साठी हिशेब केला. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे शेवटचे पाच दिवस नोव्हेंबरात, वाटा 32 टक्के. पातळी 640 धरली तर ऑक्टोबरात सुमारे 1170 आणि नोव्हेंबरात 860. ऑक्टोबरचा आकडा पुन्हा आदल्या वर्षापेक्षा कमी दिसणार, हे वहिनीला आजच सांगून ठेवले आहे, आणि खोक्यांची दुसरी खेप 28 ऑक्टोबरला मागवण्याचे ठरले आहे.

जुनी_वही

640 ही पातळी मात्र मे महिन्यानंतर पुन्हा तपासा. अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे. त्या काळात लग्ने नसतात, आणि रुखवताच्या ऑर्डरी आपण घेत असाल तर मेचा आकडा खाली येईल. तो कलात घट म्हणून शिरू नये.

मेतकूट

रुखवताच्या घेतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे लग्नसराईला त्याचा धक्का बसला नाही, आणि 2021 पासूनच्या नोंदींत दुसरा अधिक महिनाच नाही. म्हणजे या वेळी ताळा पाहायला जुने वर्ष हाताशी नाही. रुखवताच्या ऑर्डरी निदान वेगळ्या रकान्यात मोजायला आजपासून सुरुवात करतो, आणि पिनकोडांचे आकडे निघाले की इथे टाकतो.